'ध' चा 'मा' आणि आज्ञेचे हात : नारायणराव पेशव्यांच्या वधाचा एक पुनर्विचार

१. प्रास्ताविक

मराठीत 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार इतका रुळलेला आहे की तो उच्चारताना एका खुनाची आठवण क्वचितच होते. लेखनातील किंचितशा फेरफाराने अर्थाचा अनर्थ झाला, एवढेच आज त्यातून सूचित होते. ज्या घटनेतून तो जन्मला ती ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात भर दुपारी घडली. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा त्यांच्याच चाकरीतील गारद्यांनी वध केला. चुलते रघुनाथराव यांनी गारद्यांना दिलेल्या कागदात 'नारायणरावांस धरावे' असे शब्द होते. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'ध' खोडून तेथे 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी ही कथा आहे.

या कथेची ऐतिहासिक विश्वसनीयता हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य विषय नाही. तिने काय झाकले, हा आहे. एका अक्षरात सगळा गुन्हा सामावला की अपराधी एकच उरतो, तो म्हणजे अक्षर बदलणारा हात. तो कागद वाचून तलवार उपसणारे हात, निरोप पोचवणारे हात, दरवाजावर स्वस्थ राहिलेले हात कथेच्या बाहेर जातात. कागदावर 'मारावे' असे होते म्हणून मारले, हे स्पष्टीकरण आपल्याला पुरेसे वाटते, याचेच खरे तर आश्चर्य वाटावयास हवे. लेखी आज्ञा आणि प्रत्यक्ष कृती यांच्या दरम्यान माणसे असतात. ती माणसे आज्ञा का पाळतात, हा प्रश्न मराठी इतिहासलेखनाने क्वचित आणि मराठी नाटकाने त्याहूनही क्वचित विचारला आहे. तौलनिक अभ्यासाच्या साहाय्याने तो विचारता येतो का, हे येथे पाहावयाचे आहे.

२. घटना आणि तिच्यातील माणसे

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. त्यानंतर नारायणरावांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव हे नानासाहेब पेशव्यांचे धाकटे बंधू. उत्तरेतील मोहिमांमुळे त्यांचे नाव मोठे होते. परंतु १७६८ साली धोडप येथे पुतण्याविरुद्धच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि ते नजरकैदेत पडले. माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत समेट झाला, तो टिकला नाही. एप्रिल १७७३ पासून ते पुन्हा शनिवारवाड्यातच कैदेत होते. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्याची आज्ञा पाळली गेली असे आपण म्हणतो तो पुरुष त्या वेळी स्वतः कैदी होता. कोणालाही 'धरण्याचा' अधिकार त्याला नव्हता, मग 'मारण्याचा' तर दूरच. त्यामुळे मूळ कागदात 'धरावे' असेल तर आज्ञा रास्त आणि 'मारावे' असेल तर अन्याय्य, अशी जी विभागणी दंतकथा गृहीत धरते ती मुळातच टिकत नाही. राज्याच्या धन्यास त्याच्याच चाकरांनी धरावे, हीही आज्ञा अनधिकृतच होती.

गारदी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची कवायत शिकलेले पगारी पायदळ. हा शब्द फ्रेंचांच्या संपर्कातून आला, असे सामान्यतः मानले जाते. पानिपतावरील इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींमुळे तो सर्वपरिचित झाला. जहागिरी, वतने आणि नातीगोती यांनी बांधलेल्या सरदारांच्या पथकांहून हे सैन्य वेगळे होते. त्याचे नाते पगाराशी होते, आणि पगार थकलेला होता. वाड्याच्या बंदोबस्तावरील गारद्यांचे प्रमुख सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरगसिंग यांच्याशी रघुनाथरावांच्या पक्षाने संधान बांधले. मध्यस्थांत रघुनाथरावांचा खासगी चाकर तुळाजी पवार होता; पेशव्यांविषयी त्याच्या मनात व्यक्तिगत सल होता, असे सांगितले जाते. मोबदला म्हणून मोठ्या रकमेचे आणि किल्ल्यांचे आश्वासन दिले गेले.

त्या दिवशी सकाळी पेशव्यांच्या कानावर कुणकुण आली होती. त्यांनी हरिपंत फडके यांस बंदोबस्त करावयास सांगितले. हरिपंत जेवावयास गेले आणि काम दुपारनंतरवर पडले. दुपारी गारदी पगाराचा गिल्ला करीत वाड्यात शिरले. हा गिल्ला ओळखीचा होता. थकलेल्या पगारासाठी शिपाई धरणे धरीत, आरडाओरड करीत, हे दरबारास नवीन नव्हते. म्हणून प्रारंभीची काही मिनिटे प्रतिकाराविना गेली असावीत. नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून त्यांनी प्राणांची याचना केली. तेथेच त्यांचा अंत झाला. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर मारला गेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले. पेशव्यांसह एकूण अकरा माणसे त्या दिवशी पडली, त्यांत दोन दासी होत्या. शिवाय एक गाय मेली.

त्यानंतर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सुमारे सहा आठवडे चौकशी केली. तिच्या निष्कर्षाचा एकच भाग लोकस्मृतीत राहिला : या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबुवांनी रघुनाथरावांना तोंडावर सांगितले आणि त्यांच्या कारभारात पुण्यात पाऊल न ठेवण्याच्या निश्चयाने ते शहर सोडून गेले. परंतु या चौकशीचा दुसरा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. रियासतकार सरदेसाई यांनी दोषी ठरलेल्यांची जी मोजदाद दिली आहे तीनुसार कटात एकूण ४९ जण गोवलेले होते. त्यांपैकी गारदी फक्त १३. उरलेल्या ३६ जणांत २६ ब्राह्मण, ३ प्रभू आणि ७ मराठे होते. म्हणजे तलवार चालवणाऱ्या वर्गाची संख्या जेमतेम एक चतुर्थांश भरते. लोककथेने 'गारद्यांनी मारले' म्हटले आणि नंतर 'आनंदीबाईने मारविले' म्हटले. या दोहोंच्या मधले छत्तीस जण कथेतून गळाले.

३. आज्ञा परत घेता येते काय?

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात आला आहे. पुतण्याने मिठी मारल्यावर रघुनाथराव द्रवले आणि त्यांनी सुमेरसिंगास थांबावयास सांगितले. सुमेरसिंगाने ते मानले नाही. इतक्या पुढे आल्यावर आता स्वतःचा नाश ओढवून घ्यावयाचा नाही. पेशव्यास सोडा, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही मराल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. मग तुळाजीने पाय धरून पेशव्यांना ओढले.

हा वृत्तान्त ग्राह्य मानला तर 'ध' आणि 'मा' यांच्या वादाला वेगळेच वळण लागते. आज्ञा देणारा प्रत्यक्ष समोर उभा आहे, कागदापेक्षा त्याचा शब्द ताजा आहे, आणि तो 'थांबा' म्हणतो आहे. आज्ञापालन हेच गारद्यांच्या कृतीचे कारण असते तर तलवार तेथेच थांबली असती. ती थांबली नाही, कारण सुमेरसिंग त्या क्षणी कोणाचीच आज्ञा पाळत नव्हता. तो स्वतःचा जीव आणि ठरलेला मोबदला सांभाळत होता. पेशवे जिवंत राहिले तर वाड्यात हत्यार घेऊन घुसल्याबद्दल पहिले डोके त्याचेच उडणार होते. 'धरावे' या आज्ञेतच 'मारावे' दडलेले होते ते या अर्थाने. सत्ताधीशास धरणाऱ्या चाकराला त्याला जिवंत ठेवणे परवडत नाही. त्यासाठी अक्षर बदलण्याची आवश्यकता नव्हती.

येथे आधुनिक मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रयोगमालेशी तुलना उपयुक्त ठरते. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१–६२ मध्ये येल विद्यापीठात सामान्य नागरिकांना बोलावून, समोरच्या 'विद्यार्थ्या'ने चूक केली की वाढत्या तीव्रतेचे विजेचे धक्के देण्यास सांगितले. धक्के खोटे होते आणि विद्यार्थी हा ठरवून बसवलेला माणूस होता. पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याहून बोधप्रद आहेत ते मिलग्रॅम यांनी परिस्थितीत केलेले बदल. त्यांपैकी एकात प्रयोगकर्ताच 'थांबा' म्हणतो आणि विद्यार्थी मात्र 'चालू ठेवा, मला सोसवेल' असा आग्रह धरतो. तेथे एकानेही पुढचा धक्का दिला नाही. मिलग्रॅम यांच्या मते यावरून असे दिसते की लोकांना क्रौर्याची हौस नव्हती. अधिकाऱ्याच्या शब्दाने ते चालत होते आणि त्याच्याच शब्दाने थांबत होते.

या कसोटीवर सुमेरसिंग उतरत नाही. अधिकाऱ्याच्या शब्दाने तो चालला असेल, पण त्या शब्दाने थांबला नाही. म्हणजे शनिवारवाड्यातील प्रत्यक्ष मारेकऱ्यांना 'हुकुमाचे ताबेदार' म्हणणे ही त्यांना दिलेली अवाजवी सवलत आहे. आज्ञा हे त्यांच्या सौद्याचे लेखी रूप होते, आणि ज्या कामासाठी सौदा झाला ते काम त्यांनी सौदा करणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध तडीस नेले. अपायकारक आज्ञा सामान्य माणसे का पाळतात, या प्रश्नाचे उत्तर तलवारीच्या टोकाशी शोधू गेल्यास हाती लागत नाही. ते त्या छत्तीस जणांत शोधावे लागते.

४. अर्धे काम करणारे

एखादा कट सिद्धीस जावयाचा तर त्याला लागणारी बहुतेक कामे रक्तहीन असतात. कोणी निरोप नेतो, कोणी कागद लिहितो, कोणी पैशाच्या शब्दाला जामीन राहतो, कोणी पहाऱ्याची वेळ सांगतो, कोणी काही न पाहिल्यासारखे करतो. छत्तीसांपैकी प्रत्येकाने नेमके काय केले याचा तपशील येथे गृहीत धरलेला नाही. परंतु दोषींत अगारदी माणसांची संख्या तिप्पट असावी, यावरूनच कामाची वाटणी कशी झाली असावी याची कल्पना येते. यांतील बहुतेक माणसे अशी असावीत की त्यांच्यासाठी दादासाहेबांचा निरोप पोचवणे हे रोजच्या चाकरीहून फारसे वेगळे नव्हते. दादासाहेब कैदेत असले तरी पेशवे घराण्यातील सर्वांत वडील पुरुष होते. राज्याची वस्त्रे पुतण्याकडे, वडीलकी चुलत्याकडे. चाकराने कोणाला मान द्यावयाचा हा पेच त्या वाड्याच्या रचनेतच होता. वडीलधाऱ्याचा शब्द मोडू नये ही शिकवण घरात मिळालेली, आणि वाडा हे एकाच वेळी घर व कचेरी होते. कचेरीत जी आज्ञा बेकायदा ठरली असती ती घरात 'मोठ्यांचे सांगणे' म्हणून खपली. महाराष्ट्रातील भाऊबंदकीच्या इतिहासात अपायकारक आज्ञेला बळ मिळते ते बहुधा या सरमिसळीतून.

मिलग्रॅम यांच्या मालिकेतील आणखी एक प्रयोग येथे जुळतो. त्यात बोलावलेल्या माणसाला कळ दाबावी लागत नसे; कळ दुसरा दाबत असे, आणि त्याने फक्त पूरक काम करावयाचे असे. त्या स्थितीत ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत गेले. २६ चे ३७ झाले, ते केवळ हात बदलल्यामुळे. अपाय आपल्या हातून होत नाही एवढा दिलासा मिळाला की विरोधाचे कारण बहुतेकांच्या मनात उरत नाही. याच्या उलट टोकाचे दोन प्रयोगही ध्यानात घ्यावयास हवेत. बरोबरीच्या दोन सहकाऱ्यांनी एकामागून एक नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांची संख्या ४० पैकी ४ वर आली. आणि समान दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांनी परस्परविरुद्ध सूचना दिल्या, तेव्हा कोणीच शेवटपर्यंत गेले नाही.

हे शेवटचे निरीक्षण पुण्याच्या प्रकरणाला लावताना अडचण येते, आणि ती अडचणच उद्बोधक आहे. शनिवारवाड्यात दोन अधिकारी होते, पेशवे आणि दादासाहेब. मिलग्रॅम यांच्या निष्कर्षाप्रमाणे चाकर थबकावयास हवे होते. ते थबकले नाहीत, कारण दोन आज्ञा त्यांच्यासमोर एकाच वेळी, एकाच ठिकाणी आल्या नाहीत. एक आज्ञा कुजबुजीतून, तुकड्यातुकड्यांनी येत होती. दुसरी, म्हणजे बंदोबस्ताची, हरिपंतांच्या जेवणामुळे दुपारपर्यंत आलीच नाही. दोन सत्तांच्या विरोधातून विवेकाला जी फट मिळते ती गुप्ततेने बुजवली. कट यशस्वी करणाऱ्या गोष्टींत शस्त्रांपेक्षा या गुप्ततेचा वाटा मोठा असतो : पाळणाऱ्याला दुसरा आवाज ऐकू येऊ द्यावयाचा नसतो.

अर्थात प्रयोगशाळेतील निष्कर्ष अठराव्या शतकातील वाड्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. खुद्द मिलग्रॅम यांच्या निष्कर्षांबद्दलही पुढे शंका उपस्थित झाल्या. जीना पेरी यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात ध्वनिमुद्रणे व कागदपत्रे तपासून दाखवले की प्रयोगकर्ता ठरलेल्या सूचनांपलीकडे जाऊन आग्रह करीत असे आणि काही सहभागींना धक्के खरे नसल्याचा संशय होता. स्टीफन रायशर आणि अलेक्झांडर हॅस्लम यांचे म्हणणे तर असे की ही माणसे आंधळेपणाने आज्ञा पाळत नव्हती. विज्ञानाच्या कार्याशी त्यांनी स्वतःला जोडून घेतले होते. 'तुम्हाला दुसरा पर्यायच नाही' असे सांगितले गेले, तेव्हाच ती अधिक बिथरत. ही दुरुस्ती आपल्या प्रकरणालाही मानवते. दादासाहेबांच्या पक्षातील माणसे भीतीपोटी वाकली होती असे मानण्याचे कारण नाही. दादासाहेबांचा पक्ष हा त्यांना आपला पक्ष वाटत होता. आज्ञापालन बहुधा पक्षनिष्ठेचा वेष घेऊन येते.

५. कागद कोणाचा बचाव करतो?

शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' या फारशा न वाचल्या जाणाऱ्या नाटकात पुण्याच्या घटनेशी विलक्षण साम्य असलेला प्रसंग आहे. तेथेही चुलता आणि पुतण्या आहेत, आणि पुतण्याचा हक्क चुलत्याला सलतो आहे. जॉन राजा आपला विश्वासू ह्यूबर्ट याच्यापाशी आर्थरच्या मरणाची इच्छा आडवळणाने, तुटक शब्दांत सुचवतो. पुढे ह्यूबर्ट आर्थरचे डोळे काढण्याचा लेखी हुकूम घेऊन येतो. मुलाच्या विनवण्यांपुढे त्याचा हात अडतो आणि तो आज्ञा मोडतो. नंतर सरदार बिथरल्याचे पाहून जॉन ह्यूबर्टवरच उलटतो : तू समोर होतास म्हणून माझ्या मनात ते आले, तू प्रश्न विचारला असतास तर मी थांबलो असतो. ह्यूबर्ट उत्तरादाखल राजाच्या सही-शिक्क्याचा कागद पुढे करतो.

दोन्हीकडे कागद आहे, पण त्याचे कार्य उलट आहे. इंग्रजी नाटकात कागद आज्ञा देणाऱ्याला बांधतो. तुझा हात येथे आहे, असे सेवक राजाला दाखवू शकतो. मराठी दंतकथेत कागद आज्ञा देणाऱ्याला मोकळा करतो. 'मी धरावे लिहिले होते' हा रघुनाथरावांचा बचाव त्याच कागदातून निघतो आणि दोष एका स्त्रीच्या लेखणीवर जातो. रामशास्त्र्यांना मूळ कागद मिळाला आणि त्यात त्यांना फेरफार आढळला, असे ग्रँट डफ सांगतो; तो फेरफार आनंदीबाईंनी केला हे मात्र त्याने सार्वत्रिक समजूत म्हणून नोंदवले आहे. शोध आणि समजूत यांतील हे अंतर पुढील पिढ्यांनी राखले नाही.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. ह्यूबर्टबरोबर आलेल्या हाताखालच्या माणसाला शेक्सपिअरने दोन लहानशी वाक्ये दिली आहेत. हुकुमाचा कागद आपल्याला निभावून नेईल ना, अशी काळजी तो आधी व्यक्त करतो. आणि नंतर बाहेर जाण्यास सांगितल्यावर, अशा कामापासून दूर राहावयास मिळाले याचा आनंद. अर्धे काम करणाऱ्या माणसाचे सगळे मानसशास्त्र त्या दोन वाक्यांत आहे : जबाबदारी कागदावर, शरीर दाराबाहेर. मराठीत याच घटनेवर कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' हे श्रेष्ठ नाटक लिहिले; १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' हा चित्रपट आला. दोहोंत आज्ञा देणाऱ्यांचे अंतरंग आहे, न्यायासनाचे तेज आहे. आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा, राघोबांची दोलायमान वृत्ती आणि शास्त्रीबुवांचा निःस्पृह निर्भयपणा यांवर दोन्ही कृती उभ्या आहेत. आज्ञा पोचवणाऱ्या कारकुनाला मात्र स्वतःचे मन नाही. परकीय सत्तेखालील प्रेक्षकाला सत्तेपुढे न झुकणारा एकटा न्यायाधीश हवा होता, हे समजण्यासारखे आहे. पण त्या आदर्शाची किंमत अशी की अवज्ञा ही असामान्यांची गोष्ट झाली. सामान्य माणूस आज्ञा मोडू शकतो, ही शक्यता रंगभूमीवरून निसटली.

वस्तुतः ती शक्यता घटनेतच हजर आहे. चाफाजी टिळेकर न्यायाधीश नव्हता, चाकर होता. इतर चाकरांप्रमाणे बाजूला होण्याची मुभा त्याला होती. तो बाजूला झाला नाही. रामशास्त्र्यांच्या नकारामागे विद्या, पद आणि प्रतिष्ठा होती. चाफाजीच्या नकारामागे यांतले काहीच नव्हते. त्याच्यावर मराठीत महत्त्वाचे नाटक नाही.

६. वर्गातील चर्चेसाठी मुद्दे

जयपूरच्या झालाना परिसरात अभ्यागत म्हणून हा विषय शिकवताना असे आढळले की हिंदी व राजस्थानी भाषक विद्यार्थ्यांना अक्षराचा खेळ तत्काळ कळतो. 'धरना' आणि 'मारना' त्यांच्याही भाषेत आहेत. परंतु आनंदीबाई त्यांच्या स्मृतीत नसल्यामुळे ते पहिलाच प्रश्न गारद्यांविषयी विचारतात. दंतकथेच्या बाहेर असण्याचा हा लाभ आहे. पुढील मुद्दे त्या चर्चांतून घडलेले आहेत.

(१) कागदात 'धरावे' असते आणि त्यात कोणताही फेरफार झाला नसता, तर नारायणराव वाचले असते काय? उत्तर देताना सुमेरसिंगाच्या स्थानावरून विचार करावा : पेशवे जिवंत राहिल्यास त्याचे पुढे काय झाले असते? आज्ञेतील शब्द आणि आज्ञेने निर्माण केलेली परिस्थिती यांत फरक करण्याचा हा अभ्यास आहे.

(२) विद्यार्थ्यांनी ४९ जणांचे तीन गट कल्पावेत : करणारे, पोचवणारे आणि गप्प राहिलेले. प्रत्येक गटातील माणसाने चौकशीत स्वतःचा बचाव कसा केला असता, ते एका परिच्छेदात लिहावे. मग ते परिच्छेद शेजारी ठेवून पाहावे. 'मला सांगितले म्हणून' हे वाक्य कोणत्या गटात सर्वाधिक येते, आणि कोणत्या गटाला ते शोभत नाही?

(३) रामशास्त्र्यांनी एकाच माणसाला दोषी धरून प्रकरण मिटवले नाही; प्रत्येकाचा वाटा तपासला. न्यायाची ही रीत आणि वाक्प्रचाराची रीत परस्परविरुद्ध आहेत. न्याय दोष वाटतो, वाक्प्रचार तो एकवटतो. भाषेत टिकून राहिलेल्या अशा आणखी कोणत्या कथा विद्यार्थ्यांच्या मातृभाषेत आहेत, ज्यांत अनेकांचा अपराध एका स्त्रीवर किंवा एका शब्दावर ढकलला गेला?

(४) जयपूर शहराचाच इतिहास येथे प्रतिउदाहरण म्हणून घ्यावा. डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंग यांनी आत्महत्या केल्यावर होळकरांच्या पाठबळाने माधोसिंग गादीवर आले. १० जानेवारी १७५१ रोजी शहर पाहावयास व खरेदीसाठी आत आलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. तिच्या वर्णनांत एखाद्या लेखी हुकुमापेक्षा खंडणीने गांजलेल्या लोकांचा क्षोभ ठळक आहे. सामान्य माणसे अपाय करतात ते नेहमी आज्ञेमुळेच काय? ज्या हिंसेला आज्ञा लागते आणि जिला लागत नाही, त्या दोहोंत जबाबदारीची भाषा कशी बदलते? आज्ञापालनाचा सिद्धान्त कोठे संपतो, हे या तुलनेतून दिसते.

(५) 'किंग जॉन'मधील ह्यूबर्टचा प्रसंग आणि 'भाऊबंदकी' एकत्र वाचावेत. ह्यूबर्टचे मन कशाने वळते? तत्त्वाने, की समोरच्या मुलाच्या चेहऱ्याने आणि शब्दांनी? नारायणरावांनीही याचना केली होती. ती रघुनाथरावांपर्यंत पोचली, सुमेरसिंगापर्यंत पोचली नाही. हा फरक माणसांचा आहे, की ह्यूबर्टने मुलाशी पूर्वी ठेवलेल्या स्नेहाचा?

(६) खुनाच्या सकाळी पेशव्यांना कुणकुण होती. ती ऐकलेल्या आणि न बोललेल्या माणसांना दोषी म्हणावे काय? मिलग्रॅम यांच्या प्रयोगात दोन सहकाऱ्यांच्या नकाराने इतरांचे आज्ञापालन २६ वरून ४ वर आले, हे ध्यानात ठेवून या प्रश्नाचा विचार करावा. त्या वाड्यात पहिला नकार देण्याची संधी कोणाकोणाला होती, आणि कोणत्या घटकेला?

७. समारोप

खुनानंतरच्या काही महिन्यांत बारभाईंनी रघुनाथरावांची सत्ता झुगारली. मारेकऱ्यांपैकी काही जण पुढे पुणे दरबाराच्या हाती लागले आणि त्यांना कठोर शिक्षा झाल्या. रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि १७७५ च्या सुरतेच्या तहापासून पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा धागा सुरू झाला. या राजकीय परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. भाषेत मात्र या सगळ्यातून दोन अक्षरे उरली. त्यांनी आपल्याला शिकवले ते एवढेच की लिहिताना जपावे. घटनेचा वृत्तान्त जे शिकवतो ते निराळे आहे : वाचताना, निरोप नेताना, दार उघडताना आणि जेवावयास उठताना जपावे. कारण 'धरावे' असो की 'मारावे', कागदाला स्वतःचे हात नसतात. ते त्याला ४९ जणांनी दिले, आणि त्यांतील बहुतेकांनी ते रक्त न लागू देता दिले.